सीसी, ओडी की मुदत कर्ज : छोट्या व्यापाऱ्याने निवड कशी करावी

बँकेच्या शाखेत जाऊन "मला दहा लाखांचे कर्ज हवे आहे" असे सांगणारा व्यापारी बहुतेक वेळा रक्कम ठरवून आलेला असतो, पण ते पैसे कशात जाणार आणि किती दिवसांनी परत हातात येणार याचा हिशेब त्याने केलेला नसतो. मग त्या वेळी शाखेला जी योजना सोयीची वाटते ती त्याच्या पदरात पडते. कॅश क्रेडिटमधून, म्हणजे सीसीमधून, टेम्पो घेतला जातो, दिवाळीचा माल मुदत कर्जावर भरला जातो आणि चार महिन्यांनी दुकानात माल असूनही खात्यात पैसे का नाहीत, याचे कोडे सुटत नाही. पुढचे टप्पे याच क्रमाने करावेत. क्रम उलटा केला की आकडे बरोबर असूनही निवड चुकते.

उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातले हार्डवेअर, रंग आणि प्लंबिंगच्या सामानाचे एक दुकान घेऊ. वार्षिक विक्री ९० लाख रुपये आहे आणि विक्रीवर ढोबळ नफा १५ टक्के सुटतो, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत साडेशहात्तर लाख होते. मालकाचे स्वतःचे भांडवल ११ लाख आहे. त्याला दिवाळीपूर्वी रंगाचा जादा माल भरायचा आहे, रंग मिसळण्याचे यंत्र, लोखंडी रॅक आणि जुना पण चांगला टेम्पो घ्यायचा आहे, शिवाय महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरताना होणारी ओढाताण थांबवायची आहे. आकडे कल्पित असले तरी त्यांची मांडणी कोणत्याही दुकानाला लागू पडते. सीसी आणि मुदत कर्जाचा व्याजदर सगळीकडे ११ टक्के धरला आहे. प्रत्यक्षात तो बँकेनुसार आणि तारणानुसार बदलतो.

## टप्पा १ : गरजा वेगळ्या करा

एका कागदावर आपल्याला लागणाऱ्या प्रत्येक रकमेसमोर एकच गोष्ट लिहावी : हे पैसे कशाच्या विक्रीतून किंवा कमाईतून आणि किती काळाने परत येणार?

रंगाचे डबे सप्टेंबरात घेतले तर ते दिवाळीपर्यंत विकले जातात आणि उधारीवर गेलेल्या मालाचे पैसेही पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत येतात. म्हणजे माल, मग उधारी, मग रोकड आणि पुन्हा माल असे चक्र फिरते. अशा गरजेसाठी कॅश क्रेडिट आहे. त्याला तारण दुकानातला माल आणि येणे उधारी यांचे असते, आणि मर्यादेच्या आत कितीही वेळा पैसे काढता व भरता येतात.

टेम्पो, यंत्र आणि रॅक विकायला घेतलेले नसतात. त्यांची किंमत दर महिन्याच्या नफ्यातून थोडी थोडी, चार-पाच वर्षांत वसूल होते. त्यासाठी मुदत कर्ज योग्य, कारण त्याची फेडही तशीच थोडी थोडी होते.

जीएसटीची ओढाताण या दोन्हींपेक्षा निराळी आहे. बांधकाम ठेकेदाराचा चेक २५ तारखेला यायचा असतो आणि कर २० तारखेला भरायचा असतो. पाच-सात दिवसांच्या या दरीमागे जादा मालही नसतो आणि नवी मालमत्ताही नसते. मुदत ठेवीवरचा छोटा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ओडी, अशा ठिकाणी उपयोगी पडतो.

सावधान : "ओडी" हा शब्द बँका सैलपणे वापरतात. मुदत ठेवीवरची उचल, दुकानाच्या किंवा घराच्या गहाणावर दिलेली लाखो रुपयांची मर्यादा आणि चालू खात्यात व्यवस्थापकाने दोन दिवसांपुरती दिलेली तात्पुरती उचल, या तिन्हींना ओडीच म्हणतात. काही ओडींची मर्यादा दर महिन्याला ठरावीक रकमेने कमी होत जाते. तिला नाव ओडीचे असले तरी वागणूक मुदत कर्जाची असते. म्हणून योजनेचे नाव ऐकून थांबू नये. तारण काय, मर्यादा स्थिर राहणार की उतरत जाणार आणि दरमहा कोणता कागद द्यावा लागणार, हे तीन प्रश्न विचारावेत.

## टप्पा २ : मालाचे चक्र दिवसांत मोजा

सीसीची रक्कम अंदाजाने ठरवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. त्यासाठी तीन आकडे लागतात आणि तिन्ही आपल्याच वहीत असतात : सरासरी किती दिवसांचा माल दुकानात पडून असतो, गिऱ्हाइकांची उधारी किती दिवसांनी येते आणि आपण पुरवठादाराला किती दिवसांनी पैसे देतो.

आपल्या दुकानात साधारण दोन महिन्यांचा माल असतो. वर्षाची खरेदी किंमत साडेशहात्तर लाख, म्हणून दोन महिन्यांचा माल पावणेतेरा लाखांचा. विक्रीपैकी सरासरी एका महिन्याची रक्कम उधारीत अडकते, ती साडेसात लाख. पुरवठादार सरासरी वीस दिवस थांबतात, म्हणून त्यांचे देणे सुमारे ४ लाख २० हजार. माल आणि उधारी मिळवून त्यातून देणे वजा केले की व्यापारात अडकलेले पैसे १६ लाख ५ हजार होतात. हे सगळे बँक देत नाही. त्यातला वाटा मालकाने स्वतःच्या भांडवलातून घालायचा असतो आणि त्यालाच मार्जिन म्हणतात.

बँकेचा अधिकारी मात्र आधी दुसरेच गणित करील. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीवरून छोट्या उद्योगांसाठी विक्रीवर आधारित सोपी पद्धत रूढ झाली आहे : अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के रक्कम खेळते भांडवल म्हणून लागते असे धरायचे, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के व्यापाऱ्याने घालायचे. ९० लाखांवर बँकेचा वाटा १८ लाख येतो. हा आकडा ऐकून व्यापारी खूश होतो आणि १८ लाखांचीच मागणी लिहितो. पुढच्या टप्प्यात दिसेल की त्याला १८ लाख कधीच वापरता येणार नाहीत.

पडताळणी : माल खरेदी किमतीने मोजला आहे ना, हे पाहावे. डब्यावरच्या छापील किमतीने मोजला तर आकडा फुगतो आणि पहिल्याच तपासणीत तो पडतो.

## टप्पा ३ : उचल क्षमता काढा आणि मगच मर्यादा ठरवा

सीसीमध्ये दोन वेगळे आकडे असतात. मंजुरीपत्रात लिहिलेली मर्यादा हा पहिला. दुसरा आकडा म्हणजे त्या महिन्यात प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम, जिला बँकेत ड्रॉइंग पॉवर किंवा नुसते डीपी म्हणतात. दोहोंपैकी जो आकडा लहान तेवढेच पैसे वापरता येतात. हे माहीत नसल्यामुळे "मर्यादा चौदा लाखांची, मग चेक परत का गेला?" असा वाद काउंटरवर होतो.

डीपी दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. मालाच्या किमतीतून पुरवठादारांचे देणे वजा करतात, कारण ज्या मालाचे पैसे दिलेले नाहीत त्यावर बँक पुन्हा पैसे देत नाही. उरलेल्या रकमेतून मार्जिन कापतात. उधारीपैकी सहसा ९० दिवसांच्या आतलीच धरतात आणि तिच्यावर मार्जिन जास्त असते. आपण मालावर २५ टक्के आणि उधारीवर ४० टक्के मार्जिन धरू.

नेहमीच्या महिन्यात माल पावणेतेरा लाख, देणे ४ लाख २० हजार, म्हणजे पैसे दिलेला माल ८ लाख ५५ हजारांचा. त्याचे ७५ टक्के सुमारे ६ लाख ४१ हजार. साडेसात लाख उधारीपैकी एक लाख जुनी आहे, म्हणून साडेसहा लाखांचे ६० टक्के ३ लाख ९० हजार. एकूण डीपी १० लाख ३१ हजार.

दिवाळीपूर्वी माल १८ लाखांवर जातो आणि देणे ५ लाखांवर. १३ लाखांचे ७५ टक्के पावणेदहा लाख, त्यात उधारीचे ३ लाख ९० हजार मिळवले की डीपी १३ लाख ६५ हजार होते. पावसाळ्यात माल ९ लाख, देणे ३ लाख आणि ९० दिवसांच्या आतली उधारी ५ लाख असते. तेव्हा डीपी साडेचार लाख अधिक तीन लाख, म्हणजे साडेसात लाखांवर येते.

आता मर्यादा किती मागावी हे उघड दिसते. हंगामातली सर्वांत मोठी डीपी १३ लाख ६५ हजार आहे, म्हणून १४ लाखांची सीसी पुरेशी आहे. १८ लाख मागितले तर वरचे चार लाख कायम कागदावरच राहतील. पण प्रक्रिया शुल्क बहुधा पूर्ण मर्यादेवर लागेल, दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळीही लागेल, आणि काही बँका न वापरलेल्या मर्यादेवर वेगळा आकार घेतात. हंगाम स्पष्ट असलेल्या धंद्यात काही बँका वर्षभरासाठी कमी आणि तीन-चार महिन्यांसाठी वाढीव अशी मर्यादाही देतात, तिची चौकशी करावी.

पडताळणी : हंगामात माल १८ लाख आणि एकूण उधारी साडेसात लाख, त्यातून देणे ५ लाख वजा केले की साडेवीस लाख अडकतात. बँकेचे १३ लाख ६५ हजार वगळून उरलेले ६ लाख ८५ हजार मालकाचे स्वतःचे असले पाहिजेत. हा आकडा बाजूला लिहून ठेवावा, कारण पुढच्या टप्प्यात तो हात लावण्यासाठी उपलब्ध नाही.

याच व्यापाऱ्याने मुदत कर्जाची कटकट नको म्हणून जूनमध्ये सीसीतूनच टेम्पो आणि यंत्रासाठी ६ लाख काढले असते तर काय झाले असते ते पाहावे. टेम्पो हा माल नाही, त्यामुळे त्याने डीपी एका रुपयानेही वाढत नाही. खात्यावर आधीची ४ लाखांची उचल धरून १० लाख येणे दिसते आणि जुलै-ऑगस्टमध्ये डीपी साडेसात लाखांवर उतरते. अडीच लाखांची जादा उचल एकदम दिसू लागते. बँक ती भरायला सांगते, व्यापारी मालाच्या खरेदीचे पैसे थांबवून ती भरतो, त्यामुळे माल आणखी कमी होतो आणि पुढच्या महिन्याची डीपी त्याहून खाली जाते. या घसरणीत विक्री चांगली असलेली दुकानेही सापडतात. बाहेर पडण्याचा मार्ग बहुधा खासगी सावकाराकडून किंवा नातेवाइकाकडून हातउसने घेण्याचाच उरतो.

## टप्पा ४ : मुदत कर्जाची रक्कम आणि मुदत

यंत्र, रॅक आणि टेम्पो मिळून ८ लाख लागतात. बँकेने २५ टक्के मार्जिन मागितले तर व्यापाऱ्याचे २ लाख आणि कर्ज ६ लाख. हे २ लाख हंगामासाठी बाजूला लिहिलेल्या ६ लाख ८५ हजारांतून काढायचे नाहीत. अनेकजण नेमके तेच करतात आणि ऑक्टोबरात माल भरताना अडतात. आपल्या व्यापाऱ्याकडे ११ लाख आहेत, म्हणून ६ लाख ८५ हजार मालात, २ लाख मार्जिनमध्ये आणि २ लाख मुदत ठेवीत असे ते पुरतात; हातात जेमतेम १५ हजार उरतात. भांडवल ९ लाख असते तर टेम्पो एक वर्ष पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरले असते.

मुदत ठरवताना "लवकर फेडून मोकळे होऊ" हा विचार आधी मनात येतो. तो हिशेबाने तपासावा. सीसीचे व्याज, आयकर आणि घरखर्चाची उचल वजा करून या दुकानातून वर्षाला २ लाख ६० हजार उरतात असे धरू. घरखर्च वजा केल्याशिवाय हा आकडा काढू नये. ताळेबंदातला नफा पाहून हप्ता ठरवणारा व्यापारी मुलांची फी विसरलेला असतो.

६ लाखांचे कर्ज ३ वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १९,६४० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ३६ हजारांच्या आसपास. उरणारी रक्कम हप्त्यांच्या केवळ १.१ पट आहे. एक वाईट पावसाळा आला की हप्ता सीसीतून भरावा लागेल. ४ वर्षांसाठी हप्ता सुमारे १५,५०० आणि प्रमाण १.४. पाच वर्षांसाठी हप्ता १३,०४५, वर्षाचे सुमारे १ लाख ५६ हजार आणि प्रमाण १.६६. मी स्वतः येथे पाच वर्षांची मुदत घेईन आणि चांगल्या वर्षी मुद्दलात जादा रक्कम भरीन. व्याज थोडे जास्त जाते, पण ठरलेला हप्ता नंतर कमी करून घेणे हे मुदतीआधी जादा भरण्याइतके सोपे नसते. अर्थात मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का, हे मंजुरीपत्रात आधी वाचले पाहिजे.

आता उलट चूक. काही व्यापाऱ्यांना दरमहा स्टॉक स्टेटमेंट देण्याचा कंटाळा असतो, म्हणून ते मालासाठीही मुदत कर्ज घेतात. १२ लाख पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,१०० होतो आणि पहिल्या वर्षी व्याज सुमारे १ लाख २२ हजार जाते. तेच पैसे सीसीतून तीन महिने १२ लाख आणि उरलेले नऊ महिने सरासरी ५ लाख वापरले, तर वर्षाची सरासरी उचल ६ लाख ७५ हजार आणि व्याज सुमारे ७४ हजार. व्याजाच्या फरकापेक्षाही दुसरी गोष्ट जास्त बोचते : मुदत कर्जात पहिल्याच वर्षी १ लाख ९० हजारांचे मुद्दल फेडले जाते, ते नफ्यातून निघाले नाही तर मालाच्या पैशांतून जाते, आणि पुढच्या दिवाळीला त्याच दुकानात तेवढा कमी माल भरता येतो.

## टप्पा ५ : ओव्हरड्राफ्ट कुठे आणि किती

जीएसटीच्या ओढाताणीसाठी २ लाखांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर ओडी घ्यावी. बँका सहसा ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत उचल देतात, म्हणजे १ लाख ८० हजार, आणि व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एखादा टक्का जास्त असतो. स्टॉक स्टेटमेंट नाही, तारणाची तपासणी नाही आणि ठेवीवरचे व्याज चालूच राहते. एक लाख रुपये सात दिवस वापरले तर ८ टक्के दराने व्याज सुमारे १५३ रुपये होते. ठेव मोडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

घर किंवा गाळा गहाण ठेवून मोठी ओडी घेण्याचा मोह मात्र तपासून पाहावा. तीत डीपीचा हिशेब नसल्यामुळे पैसे कशासाठीही काढता येतात. नेमक्या त्यामुळेच टेम्पो, मुलीचे लग्न आणि रंगाचे डबे एकाच खात्यात मिसळतात आणि वर्षाअखेरीस कोणत्या पैशांनी काय घेतले हे मालकालाही सांगता येत नाही. ज्याच्याकडे माल थोडा आणि उधारी मोठी असते, त्याला अशी ओडी उपयोगी ठरू शकते. हार्डवेअरच्या दुकानाला माल हेच उत्तम तारण असताना घराची कागदपत्रे देण्याचे कारण नाही.

## टप्पा ६ : अर्जाचा क्रम आणि मंजुरीपत्राचे वाचन

सीसी आणि मुदत कर्ज यांचे अर्ज एकाच वेळी, एकाच बँकेत द्यावेत. आधी सीसी घ्यायची, यंत्र त्यातून घ्यायचे आणि मग मुदत कर्ज मागून सीसी भरायची, हा रस्ता बहुधा बंद असतो, कारण आधीच विकत घेतलेल्या वस्तूवर कर्ज द्यायला बँक सहज तयार होत नाही. क्रम असा ठेवावा : विक्रेत्याचे दरपत्रक, अर्ज, मंजुरी, आपले मार्जिन बँकेत जमा, बँकेकडून थेट विक्रेत्याच्या खात्यात रक्कम आणि शेवटी आपल्या फर्मच्या नावाचे बिल. विक्रेत्याला रोख बयाणा देऊन ठेवला आणि पावती नसली तर ती रक्कम मार्जिनमध्ये धरली जात नाही.

अर्जापूर्वी आयकर विवरणपत्रे, जीएसटीची विवरणपत्रे, बारा महिन्यांचे खाते उतारे आणि उद्यम नोंदणी काढून ठेवावी. २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती ही नोंदणी खुली झाली आहे. त्याच वेळी विवरणपत्रांतली विक्री एकमेकांशी जुळते का, हे स्वतः तपासावे. कर वाचवण्यासाठी आयकरात ६० लाख दाखवलेली विक्री कर्जासाठी ९० लाख होत नाही.

घर तारण द्यायचे नसेल तर सीजीटीएमएसई या हमी योजनेखाली कर्ज देता येईल का, असे विचारावे. ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नाही. हप्ते थकले की वसुली कर्जदाराकडूनच होते आणि हमीचे शुल्कही त्याच्याच खात्याला पडते.

मंजुरीपत्र हातात आले की सही करण्याआधी ते दुकानात बसून वाचावे. मालावरचे आणि उधारीवरचे मार्जिन, उधारीची दिवसमर्यादा, स्टॉक स्टेटमेंट देण्याची तारीख, उशीर झाल्यास लागणारे दंडात्मक शुल्क आणि नूतनीकरणाची तारीख एका कागदावर उतरवून गल्ल्याजवळ चिकटवावी. उधारीवर ४० ऐवजी ५० टक्के मार्जिन असेल, तर आपल्या हंगामी डीपीतून ६५ हजार कमी होतात, आणि हे सप्टेंबरात कळण्यापेक्षा आता कळलेले बरे.

सावधान : मालाचा विमा बँकेच्या नावाच्या कलमासह घ्यावा लागतो आणि तो बहुधा नेहमीच्या महिन्याच्या आकड्याने उतरवला जातो. माल १८ लाखांचा असताना विमा १२ लाखांचा असेल आणि आग लागून ६ लाखांचा माल जळाला, तर विमा कमी असल्याच्या कारणाने भरपाई त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ४ लाखच मिळू शकते. विम्याची रक्कम हंगामातल्या मालाएवढी ठेवावी.

## टप्पा ७ : खाते सुरू झाल्यावरचे पहिले महिने

सीसीवर व्याज रोजच्या शिलकेवर लागते. एक लाख रुपये एक दिवस आधी भरले तर ११ टक्के दराने ३० रुपये वाचतात. गल्ला आठवड्यातून एकदा भरणाऱ्या दुकानाचे वर्षभरात बरेच पैसे नुसत्या आळसापायी जातात.

त्याहून मोठी चूक क्यूआर कोडची आहे. दुकानात लावलेला कोड मालकाच्या किंवा मुलाच्या बचत खात्याला जोडलेला असतो, निम्मी विक्री तिकडे जाते आणि सीसी खात्यात ९० लाखांऐवजी ४० लाखच जमा दिसतात. नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी विक्री आणि खात्यातली जमा यांची तुलना करतो, आणि मर्यादा कमी करण्याचा प्रस्ताव तिथूनच निघतो. खाते सुरू झाल्या दिवशी कोड बदलावा.

स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला ठरलेल्या तारखेआधी द्यावे आणि त्यातले आकडे खरे असावेत. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली उचल बँकेच्या नियमाने अनियमित धरली जाते. शिल्लक सलग ९० दिवस मर्यादेच्या किंवा डीपीच्या वर राहिली, किंवा ९० दिवसांत खात्यात आकारलेल्या व्याजाएवढीही जमा झाली नाही, तर खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए होते. नूतनीकरण १८० दिवसांपेक्षा जास्त रखडले तरीही तीच वेळ येते, म्हणून मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कागद द्यावेत आणि पोच घ्यावी.

पडताळणी : सहा महिन्यांनी सीसीचा उतारा काढून त्यातली सर्वांत कमी येणे रक्कम शोधावी. पावसाळ्यात खाते दोन-तीन लाखांपर्यंत उतरत असेल तर चक्र फिरते आहे. ते कधीच आठ लाखांच्या खाली येत नसेल, तर त्यातले बरेच पैसे खाली मुरले आहेत : बुडीत उधारीत, न खपणाऱ्या जुन्या फिटिंग्जमध्ये किंवा घरात. अशा वेळी मार्चमध्ये कुणाकडून चार दिवसांचे पैसे घेऊन खाते भरायचे आणि लगेच काढायचे, म्हणजे "नवे-जुने" करायचे, ही सवय गावोगाव आहे. त्याने खाते कागदावर नीट दिसते, पण मुरलेले पैसे जागचे हलत नाहीत. त्याऐवजी ती मुरलेली रक्कम हप्त्यांच्या कर्जात वळवून सीसीची मर्यादा तेवढी कमी करण्याची विनंती बँकेकडे करावी. ही विनंती खाते नियमित असतानाच केली तर ऐकली जाण्याची शक्यता जास्त असते.